वेणी झुलावी, ताणली जाऊ नये

गेममधली एक मुलगी धावत येते आणि पायऱ्यांपाशी थबकते. पाय थांबतात, डोकं थांबतं. वेणी मात्र पुढे झेपावते, खांद्याला लागते, मागे येते आणि दोन-तीन हेलकाव्यांनंतर पाठीवर विसावते. ही हालचाल कुठल्या ॲनिमेटरने एकेक फ्रेम मांडून केलेली नसते. तशी करताही येणार नाही, कारण खेळणारा कधी, कुठे आणि किती वेगात थांबेल हे त्याला आधी ठाऊक नसतं. ती हालचाल त्या क्षणी गणिताने ठरते. या गणिताला गेम बनवणारे ‘स्प्रिंग बोन’ म्हणतात.

ते जमलं तर पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. बिघडलं तर मात्र लगेच डोळ्यांत खुपतं आणि बिघडण्याच्या तऱ्हा मुख्यतः दोनच. एक तर पात्र धावू लागलं की वेणी लांबत जाते. नाहीतर पात्र स्वस्थ उभं असतानाही वेणी थरथरत राहते. या दोन्हींची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे. तरी कोणताही बिघाड दिसला की स्प्रिंग आणखी कडक करून पाहायची सवय पुष्कळांना असते. त्याने वेणी काठीसारखी ताठ होते आणि मूळ दोष तसाच राहतो.

आधी वेणीच्या आत काय असतं ते पाहू. गेममधलं पात्र म्हणजे बाहेरून रंगवलेली पोकळ कातडी. तिच्या आत बोनचा सांगाडा असतो. कातडीचा प्रत्येक बिंदू जवळच्या एका किंवा अधिक बोनना बांधलेला असतो. बोन हलला की बिंदू त्याच्यामागे जातो. हाताला, पायाला बोन असतात तसेच वेणीलाही देता येतात. आपल्या मुलीची वेणी ४० सेंटिमीटर लांब आहे असं धरू आणि तिला १० सेंटिमीटरचे ४ बोन देऊ. पहिला डोक्याला जोडलेला, दुसरा पहिल्याच्या टोकाला, असे खालपर्यंत. हात-पाय ॲनिमेटरच्या आज्ञेत चालतात आणि हे ४ बोन गणिताच्या.

सगळ्यांना पटकन सुचणारा मार्ग असा : प्रत्येक सांध्याला एक बिंदू समजायचं, तो जिथे असायला हवा त्या जागेशी त्याला एका स्प्रिंगने बांधायचं आणि डोकं हललं की बिंदूला मागून ओढत न्यायचं. शाळेत शिकलेला हूकचा नियम इथे सरळ लागू होतो. जितकं अंतर जास्त, तितका ओढा जास्त. पण या मार्गातच वेणी लांबण्याचं मूळ आहे. डोकं पुढे जात असताना बिंदू थोडा मागे राहणारच. मागे राहिला नाही तर स्प्रिंगला ओढ कसली? समजा प्रत्येक सांधा आपल्या वरच्या सांध्यापासून नेहमीपेक्षा ४ सेंटिमीटर जास्त दूर राहिला. मग ४ बोनचे मिळून १६ सेंटिमीटर झाले आणि ४० सेंटिमीटरची वेणी धावताना ५६ सेंटिमीटरची दिसू लागली. कातडीचे बिंदू दोन-दोन बोनना बांधलेले असल्यामुळे विणीचे पेडही मधेच ओढल्यासारखे होतात. स्प्रिंग कडक केली की हे अंतर कमी होतं, पण नाहीसं होत नाही.

यावरचा चांगला उपाय अणूंच्या अभ्यासातून आला. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लू व्हर्ले यांनी १९६७ मध्ये द्रवरूप आर्गॉनचे ८६४ अणू संगणकावर हलवून पाहिले. त्यासाठी त्यांनी वापरलेल्या पद्धतीत अणूचा वेग वेगळा नोंदवावा लागत नाही. अणू आत्ता कुठे आहे आणि एक पाऊल आधी कुठे होता, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. दोन जागांमधला फरक हाच वेग. २००० साली आलेल्या ‘हिटमॅन : कोडनेम ४७’ या गेमसाठी डॅनिश प्रोग्रामर थॉमस याकोबसेन यांनी हीच पद्धत कोसळणाऱ्या देहांना आणि कापडाला लावली. २००१ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये त्यांनी ती सविस्तर मांडली. गेमच्या दृष्टीने या पद्धतीचा मोठा गुण असा की बिंदू चुकीच्या जागी गेला तर त्याला उचलून सरळ योग्य जागी ठेवता येतं. वेगाचा हिशेब पुढच्या पावलाला आपोआप जुळतो, कारण वेग वेगळा लिहिलेलाच नसतो.

आजच्या स्प्रिंग बोनचा गाभा हाच आहे. त्याचं एक उघड आणि सगळ्यांना वाचता येईल असं रूप व्हीआरएम या फाइल-प्रकारात सापडतं. माणसासारख्या त्रिमितीय पात्रांसाठी जपानमधल्या द्वांगो कंपनीने २०१८ मध्ये तो जाहीर केला. पडद्यावर स्वतःऐवजी रेखाटलेलं पात्र नाचवणारे, बोलवणारे व्हीट्यूबर तो मोठ्या प्रमाणावर वापरतात. त्यांच्या पात्रांचे केस, रिबिनी, शेपट्या स्प्रिंग बोनवरच हलतात. एका बोनचं एका पावलातलं काम थोडं सोपं करून लिहिलं तर एवढंच भरतं :

```
inertia = (cur - prev) * (1 - drag)
push    = restDir * stiffness * dt
fall    = gravityDir * gravity * dt
next    = cur + inertia + push + fall
next    = root + normalize(next - root) * length
```

इथे `cur` म्हणजे बोनच्या टोकाची आत्ताची जागा, `prev` म्हणजे आधीच्या पावलातली आणि `root` म्हणजे बोन जिथून सुरू होतो तो सांधा. पहिली ओळ जडत्वाची : टोक ज्या दिशेने चाललं होतं तिकडेच चालू राहील, फक्त `drag` इतका भाग विरून जाईल. दुसरी ओळ टोकाला त्याच्या मूळ ठेवणीकडे ढकलते. तिसरी खाली ओढते. चौथीत सगळं एकत्र होतं. `dt` म्हणजे मागच्या पावलापासून गेलेला वेळ.

या सगळ्यात लाखमोलाची आहे ती पाचवी ओळ. आधीच्या चार ओळींनी टोकाला कुठेही नेऊन ठेवलेलं असो, पाचवी ओळ त्यातली फक्त दिशा घेते आणि त्या दिशेने सांध्यापासून बरोबर `length` इतक्या अंतरावर टोक बसवते. १० सेंटिमीटरचा बोन १० सेंटिमीटरचाच राहतो. मग ही दिशा बोनच्या वळणात बदलली जाते. म्हणजे बोन कधी सरकत नाही, तो फक्त वळतो. सरकणंच बंद झालं की वेणी लांबायला वावच उरत नाही, मग धावण्याचा वेग काहीही असो.

हे काम मुळापासून टोकाकडे, ओळीने करावं लागतं. पहिला बोन वळला की दुसऱ्याचा सांधा नव्या जागी जातो आणि त्याची मूळ ठेवणही पहिल्याच्या नव्या वळणावरून मोजली जाते. मानेचा झटका वेणीच्या टोकाशी किंचित उशिरा पोहोचतो आणि वेणीत लाट उठते, ती या क्रमामुळेच. क्रम चुकवला तर लाट तुटते आणि बोन एकमेकांना एकेका फ्रेमने चुकवत राहतात.

वळणाबाबत एक बारकावा आहे. नवं वळण दर वेळी मूळ ठेवणीपासून काढायचं, मागच्या फ्रेमच्या वळणात भर घालायची नाही. दोन दिशांमधलं सगळ्यात छोटं वळण घेतलं आणि ते मागच्यावर चढवत गेलं, तर बोन स्वतःच्या अक्षाभोवती थोडा थोडा पीळ धरत जातो. पहिल्या मिनिटाला काही दिसत नाही. पण बराच वेळ खेळल्यावर वेणीला बांधलेल्या रिबिनीची गाठ पाठीकडून पुढे आलेली असते.

लांबी अशी एका फटक्यात पक्की करण्याची किंमतही मोजावी लागते. वरचा बोन खालच्याला ओढतो, पण खालचा वरच्याला ओढू शकत नाही. वेणीच्या टोकाला जड गोंडा बांधला तर खऱ्या आयुष्यात त्याच्या वजनाने सगळी वेणी ताठ होते. स्प्रिंग बोनमध्ये गोंड्याला वजनच नाही. याकोबसेन यांच्या पद्धतीत दोन्ही टोकं अर्धी-अर्धी सरकतात, त्यामुळे वजन वरपर्यंत पोहोचवता येतं, पण लांबी जुळवायला तोच हिशेब एका फ्रेममध्ये अनेकदा फिरवावा लागतो आणि फेऱ्या कमी पडल्या की ताण पुन्हा दिसतो. केसांसाठी मला पहिला सौदा बरा वाटतो. गोंड्याचं वजन खालच्या बोनांना जास्त गुरुत्व देऊन भासवता येतं, लांबलेली वेणी मात्र कशानेच लपत नाही.

आता आकडे घालून पाहू. मुलगी सेकंदाला ५ मीटर वेगाने धावते आहे आणि गेम सेकंदाला ६० फ्रेम दाखवतो आहे. म्हणजे दर फ्रेमला तिचं डोकं ८.३ सेंटिमीटर पुढे जातं आणि बोन आहे अवघा १० सेंटिमीटरचा. `drag` ०.४ ठेवलं तर टोकाला आपल्या जडत्वाने त्यातला ६० टक्केच पल्ला गाठता येतो आणि ३.३ सेंटिमीटर कमी पडतात. `stiffness` १ असेल तर मूळ ठेवणीकडे, म्हणजे सरळ खाली, दर फ्रेमला १.७ सेंटिमीटरचा ढकला मिळतो. गुरुत्व तूर्त शून्य धरू. मागे ३.३ आणि खाली १.७ या दोन ओढींमध्ये पहिला बोन उभ्या रेषेपासून सुमारे ६३ अंशांवर स्थिरावतो. खालचे बोन त्याच्याही पुढे कलतात आणि वेणी डोक्यामागे जवळजवळ आडवी होते. घोड्यावरच्या स्वाराला हे शोभेल, गल्लीतून धावणाऱ्या मुलीला नाही.

इथे `stiffness` वाढवायचा मोह होतो. तोच पहिला बोन ३० अंशांवर आणायचा तर ते सुमारे साडेतीन करावं लागेल. मग धावताना वेणी ठीक दिसेल, पण चालताना आणि मान वळवताना ती हलणारच नाही. म्हणून हात दुसरीकडे घालावा : पात्राच्या प्रवासाचा किती भाग वेणीला कळू द्यायचा, तिथे. व्हीआरएममध्ये यासाठी `center` नावाची सोय आहे. तिथे कमरेचा बोन दिला की जडत्व जगाच्या नव्हे, कमरेच्या हिशेबाने मोजलं जातं. मुलगी कितीही धावो, वेणीला फक्त मानेचे आणि पाठीचे हेलकावे जाणवतात. पण वेणी वाऱ्यावर मुळीच न उडणं हेही खोटं दिसतं. स्वतःचा कोड लिहिणाऱ्यांना मधला मार्ग घेता येतो : दर फ्रेमला पात्र जितकं सरकलं त्याच्या तीन चतुर्थांश इतकं `cur` आणि `prev` दोन्ही आधीच पुढे सरकवायचं. उरलेला एक चतुर्थांश प्रवासच वेणीला जाणवतो आणि पहिला बोन ६३ ऐवजी सुमारे २७ अंशांवर राहतो. चालतानाचा मोकळेपणाही शाबूत राहतो.

पात्र एका जागेवरून नाहीसं होऊन दुसरीकडे प्रकटतं, तेव्हा हीच गोष्ट टोकाला जाते. २० मीटरची उडी एका फ्रेममध्ये झाली, तर `cur` आणि `prev` मधला फरक पुढच्या फ्रेमला राक्षसी वेग बनतो. पाचव्या ओळीमुळे वेणी लांबत नाही, पण चाबकासारखी फिरते. अशा वेळी दोन्ही जागा पात्रासोबत उचलून नव्या ठिकाणी ठेवाव्यात, वळणासकट. दृश्य बदलताना, पात्र एकदम पाठमोरं होताना हे विसरलं जातं.

आता थरथर. तिचं पहिलं मूळ वेळेत असतं. डोळे मिटून सायकल चालवणारा दर थोड्या वेळाने डोळे उघडून हँडल सावरत असेल, तर डोळे उघडण्यातलं अंतर वाढलं की त्याचं प्रत्येक सावरणं गरजेपेक्षा जास्त होतं, आणि पुढचं त्याहून जास्त. साध्या स्प्रिंगचं असंच होतं. दोन पावलांमधल्या वेळात ती एका झुलण्याच्या जवळपास एक तृतीयांशाहून पुढे जाणार असेल, तर प्रत्येक पावलाला ती जास्तच दूर फेकली जाते. ६० फ्रेमच्या गतीत सेकंदाला सुमारे १९ वेळा झुलेल इतकीच कडक स्प्रिंग तग धरते, ३० फ्रेममध्ये त्याच्या निम्मी. थरथर घालवायला स्प्रिंग कडक करणारा माणूस या सीमेकडेच चाललेला असतो.

वरच्या पाच ओळींत असा स्फोट होत नाही, कारण ढकला नेहमी मूळ ठेवणीच्या दिशेने असतो आणि मग लांबी पक्की होते. पण वेळेचा एक दोष तिथेही आहे आणि तो पहिल्या ओळीत दडलेला आहे. `drag` दर सेकंदाला नव्हे, दर फ्रेमला लागतं. ०.४ म्हणजे एका फ्रेमनंतर वेग ६० टक्के उरतो. सेकंदाच्या दहाव्या भागात ६० फ्रेमवाल्या संगणकावर हे ६ वेळा होतं आणि वेग ५ टक्क्यांच्याही खाली येतो. ३० फ्रेमवाल्या फोनवर ३ वेळाच होतं आणि २२ टक्के वेग शिल्लक असतो. म्हणून संगणकावर लगेच शांत होणारी वेणी फोनवर हेलकावत राहते. यातली फसवी गोष्ट अशी की मुलगी उभी असताना किंवा एकसारखी धावत असताना दोन्हीकडे वेणी अगदी सारखी दिसते, कारण त्या स्थितींत ढकला आणि ओढ एकाच प्रमाणात वाढतात-घटतात. फरक थांबताना, वळताना आणि उडी मारताना दिसतो. चित्रं शेजारी ठेवून तपासणाऱ्याला तो सापडतच नाही. आणि गेम जड होऊन फ्रेमची गती वर-खाली होऊ लागली की एकाच पात्राची वेणी क्षणात सैल, क्षणात घट्ट होते. त्यालाच लोक थरथर म्हणतात.

स्वस्त उपाय म्हणजे `drag` वेळेच्या हिशेबात बदलून घेणं :

```
keep    = pow(1 - drag, dt * 60)
inertia = (cur - prev) * (dt / prevDt) * keep
```

मागचं पाऊल लांब आणि आत्ताचं आखूड असेल, तर दुसरी ओळ वेग त्या प्रमाणात कमी करते. बहुतेक वेण्यांना एवढं चालतं. पक्का उपाय म्हणजे गणिताची पावलं पडद्याच्या फ्रेमपासून सोडवणं : गणित नेहमी सेकंदाच्या साठाव्या भागाच्या पावलांनी चालवायचं, फ्रेम उशिरा आली तर दोन पावलं टाकायची आणि लवकर आली तर एकही नाही. गेम पाव सेकंद अडकला तर पंधरा पावलं एकदम टाकत बसू नये, चारेक टाकून बाकीची सोडून द्यावीत.

पण इथेही एक खड्डा आहे. एका फ्रेममध्ये दोन पावलं टाकायची आहेत आणि डोकं पहिल्याच पावलाला नव्या जागी नेऊन ठेवलं, तर वेणीला वाटतं की डोक्याने आधी हिसका मारला आणि मग ते गप्प उभं राहिलं. प्रत्यक्षात डोकं एकसारखं चाललेलं होतं. म्हणून डोक्याची जागाही पावलांमध्ये वाटून द्यावी लागते. उलट ज्या फ्रेमला एकही पाऊल पडलं नाही, तिथे टोक मागच्या दोन पावलांच्या मधल्या जागी दाखवावं लागतं, नाहीतर डोकं पुढे जातं आणि वेणी एक फ्रेम तिथेच थिजते. हे गणित त्या फ्रेमचं सगळं ॲनिमेशन लागून झाल्यावरच चालायला हवं, हेही यात आलं. आधी चाललं तर वेणी कायम एका फ्रेमपूर्वीच्या डोक्याला चिकटलेली असते.

थरथरीचं दुसरं मूळ पाठीत असतं. वेणी शरीरात घुसू नये म्हणून पाठीला, खांद्याला अदृश्य गोल लावतात. त्यांना कोलायडर म्हणतात. टोक गोलाच्या आत गेलं की त्याला बाहेर काढायचं. समजा मॉडेल बनवताना वेणी पाठीला छान चिकटवून ठेवली आणि नंतर लावलेला गोल पाठीपेक्षा एक सेंटिमीटर मोठा निघाला. आता वेणीची मूळ ठेवणच गोलाच्या आत आहे. दर फ्रेमला ढकला टोकाला आत नेतो, कोलायडर बाहेर काढतो, लांबी पक्की करताना ते पुन्हा थोडं आत येतं. दोन नियम एकमेकांशी भांडत राहतात आणि टोक एक-दोन मिलिमीटरमध्ये थरथरत राहतं. इथे आकडे बदलून उपयोग नाही. गोल लहान करायचा किंवा वेणीची ठेवण पाठीपासून जराशी सुटी करायची, म्हणजे भांडणाचं कारणच उरत नाही. पाठीवर एकाखाली एक गोल लावले तर त्यांच्या बेचक्यांत बोन अडकतो आणि उड्या मारतो. व्हीआरएमच्या पहिल्या आवृत्त्यांत गोलांखेरीज पर्याय नव्हता. १.० मध्ये कॅप्सूल आलं आणि सलग पाठीला एकच लांब आकार पुरू लागला.

कोलायडर अचानक वेणीवर आला तर आणखी एक गंमत होते. पात्राने हात मागे घेतला आणि हाताच्या गोलाने टोक एका फ्रेममध्ये ५ सेंटिमीटर बाहेर फेकलं. पुढच्या फ्रेमला `cur` आणि `prev` मधला फरक ५ सेंटिमीटर, म्हणजे सेकंदाला ३ मीटरचा वेग. वेणी हाताला लागून उसळते. बिंदू उचलून ठेवता येण्याचा जो गुण आधी सांगितला, त्याचीच ही दुसरी बाजू. जितकं बाहेर काढलं तितकंच `prev` ही सरकवलं की उसळी जाते.

तिसरं मूळ क्वचित भेटतं, पण मोठ्या जगाच्या गेममध्ये ते चकवतं. गेममध्ये जागा बहुधा ३२ बिटच्या आकड्यांत लिहिलेली असते. जगाच्या केंद्रापासून १० किलोमीटर दूर गेलं की असा आकडा सुमारे एक मिलिमीटरच्या टप्प्यांनीच बदलू शकतो. वेणीचा वेग हा दोन जागांमधला छोटा फरक असल्यामुळे हे टप्पे थेट तिच्या हालचालीत उतरतात. टोकांच्या जागा पात्राच्या कमरेपासून मोजल्या की हा त्रास बहुतांशी संपतो.

थरथर कुठली हे ओळखायला फार साधनं लागत नाहीत. पात्र हलवू नका आणि बघा. स्वस्थ उभं असतानाही वेणी थरथरत असेल तर कोलायडर तपासा, ते एकेक करून बंद करत जा. ज्याच्यामुळे थरथर थांबली तोच दोषी. कोणताही बंद केला तरी फरक पडत नसेल, पण नकाशाच्या मधोमध आल्यावर ती थांबत असेल, तर दोष आकड्यांचा. उभं असताना शांत आणि हलताना थरथर, तर वेळ पाहा : गेम मुद्दाम ३० फ्रेमवर बांधा, मग १२० वर. वेणीचा स्वभाव बदलला की दोष सापडला.

केसांचं जमलं की तेच आकडे झुमक्याला लावून पाहणारे निराश होतात, आणि कारण पाच ओळींतच आहे. १.७ सेंटिमीटरचा ढकला वेणीच्या १० सेंटिमीटरच्या बोनला हळूच वळवतो, पण झुमक्याचा बोन असतो २ सेंटिमीटरचा. त्याला तोच ढकला जवळजवळ पूर्ण सरळ करून टाकतो. म्हणून आखूड बोनला `stiffness` त्याच प्रमाणात कमी हवं. शिवाय झुमक्याला मूळ ठेवण अशी नसतेच. मान तिरपी केली तरी तो जमिनीकडेच लोंबतो. त्याला ढकला शून्याजवळ ठेवावा आणि काम गुरुत्वावर सोडावं. मांजराच्या शेपटीचं याच्या बरोबर उलटं. ती मुळाशी स्नायूंनी धरलेली आणि टोकाला लवचीक असते, तेव्हा ताठपणा मुळाशी जास्त ठेवून टोकाकडे उतरवत न्यावा. ॲनिमेटरने शेपूट स्वतः हलवली असेल, तर त्या फ्रेमची त्याने दिलेली ठेवण हीच मूळ ठेवण धरावी, म्हणजे त्याचा अभिनय राहतो आणि वरून फक्त झोक मिळतो.

शेवटच्या बोनबद्दल नवख्यांना हमखास प्रश्न पडतो. त्याला पुढे मूल नसतं, मग त्याचं टोक कुठे धरायचं? व्हीआरएमच्या जुन्या आवृत्तीत तिथे ७ सेंटिमीटरचं काल्पनिक टोक जोडलं जाई. वेणीला ते ठीक, दोन सेंटिमीटरच्या झुमक्याला फारच लांब. १.० मध्ये शेवटचा सांधा स्वतःच टोक धरला जातो आणि तो वळत नाही. जुनं मॉडेल नव्या आवृत्तीत आणल्यावर रिबिनीचा शेवटचा तुकडा एकदम ताठ झाला, तर कारण बहुधा हेच असतं. उपाय म्हणजे टोकाला एक रिकामा बोन वाढवणं.

आता हे सगळं हाताने लिहायची गरज कमी होत चालली आहे. गोडो या मोफत गेम इंजिनात २०२५ मधल्या ४.४ आवृत्तीपासून `SpringBoneSimulator3D` तयार मिळतं आणि तिथेही ताठपणा, ड्रॅग, गुरुत्व हीच बटणं दिसतात. घागरा मात्र कोणत्याही स्प्रिंग बोनला नीट पेलत नाही. त्याच्या घेरात बोनच्या डझनभर साखळ्या लावल्या तरी एका साखळीला शेजारची दिसत नाही. गुडघा वर आला की त्याच्या पुढच्या दोन साखळ्या बाजूला होतात, मधलं कापड ताणलं जातं आणि गुडघा त्यातून बाहेर येतो. प्रत्येक बोन आपली लांबी राखूनच असतो, पण साखळ्यांमधल्या रुंदीची जबाबदारी कोणाकडेच नसते. तिथे साखळ्यांना आडवे जोडणारं कापडाचं गणित लागतं आणि त्याचा खर्चही बराच जास्त असतो.